व्हिसा झाला, लायसन्स निघालं: मित्राला चार ओळी कशा लिहाल?

मित्राचा व्हिसा झाला किंवा मैत्रिणीचं लायसन्स निघालं, आणि तुम्हाला दोन-चार ओळी लिहून पाठवायच्या आहेत. इथे बहुतेकांची अडचण सारखीच असते. नुसतं 'अभिनंदन' कोरडं वाटतं, आणि त्यापुढे लिहायला गेलं की चौकातल्या फ्लेक्सवरची 'गगनभरारी' आणि 'उत्तुंग यश' हाताशी येतात. मग 'काँग्रॅट्स' आणि तीन इमोजी टाकून विषय संपतो. आमचं म्हणणं असं, की अडचण शब्दांची नाहीच, माहितीची आहे. व्हिसा काय किंवा लायसन्स काय, एका फटक्यात मिळत नाही. त्यात टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यावर 'झालं' असं म्हणण्याची पद्धत आहे. मित्राने त्यातला नेमका कोणता टप्पा ओलांडला हे तुम्हाला ठाऊक असेल, तर वाक्य आपोआप सुचतं. ठाऊक नसेल, तर कितीही गोड लिहिलं तरी ते नेम चुकून पडतं. म्हणून आधी टप्पा, मग मजकूर आणि शेवटी तो पाठवायचा कुठे, या क्रमाने जाऊ.

'व्हिसा झाला' म्हणजे नक्की काय झालं?

अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाचं, म्हणजे एफ-१ चं उदाहरण घ्या. विद्यापीठाकडून प्रवेश मिळतो, मग आय-२० हे कागदपत्र येतं. त्यानंतर सेविसची फी, डीएस-१६० हा अर्ज, व्हिसाची फी, स्लॉट मिळवण्याची धडपड, बोटांचे ठसे आणि सगळ्यात शेवटी मुलाखत. मुंबईत ही मुलाखत बीकेसीतल्या वकिलातीत होते. खिडकीपलीकडचा अधिकारी काही मिनिटांत निर्णय सांगतो. मंजूर असेल तर तो पासपोर्ट ठेवून घेतो. पण पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे व्हिसा हातात आला असं नव्हे. तो छापून पासपोर्टवर चिकटून परत यायला आणखी दिवस जातात. म्हणजे मुलाखतीच्या दिवशी दुपारी येणारा 'झालं!' हा निरोप आणि आठवड्याने पासपोर्ट हातात आल्यावरचा 'झालं!' या दोन वेगळ्या बातम्या आहेत. पहिल्या दिवशी मोठं ओझं उतरलेलं असतं ते मुलाखतीचं. तिथे कौतुक करायचं ते मुलाखत पार पाडल्याचं.

याच खिडकीवर तिसरा प्रकारही घडतो. अधिकारी ना हो म्हणतो ना ठाम नाही म्हणतो, तो २२१(जी) असं लिहिलेली चिठ्ठी देतो. म्हणजे आणखी कागद हवेत किंवा आणखी तपासणी बाकी आहे. अशा अर्जाची स्थिती संकेतस्थळावर पाहिली तर तिथे चक्क Refused असा शब्द दिसतो, आणि पुढे व्हिसा मंजूर झाला की त्याच जागी Issued येतं. या मधल्या काळात मित्राचा जीव टांगणीला लागलेला असतो. 'मुलाखत झाली' एवढंच ऐकून तुम्ही अभिनंदन पाठवलंत, तर त्याला प्रत्येकाला तीच रामकहाणी नव्याने सांगावी लागते. युरोपच्या शेंगेन व्हिसात घोळ वेगळा आहे. अर्ज घेणाऱ्या केंद्राकडून 'निर्णय झाला, पासपोर्ट न्यायला या' असा संदेश येतो, पण निर्णय काय झाला ते त्यात नसतं. पाकीट फोडून पाहिल्यावरच कळतं. म्हणून 'पासपोर्ट आला' या निरोपावर अभिनंदन करू नका, 'उघडलास का?' असंही विचारू नका. तो स्वतः सांगेल.

टप्पा ओळखून काय लिहायचं, ते थोडक्यात असं:

- स्लॉट मिळाला किंवा मुलाखतीची तारीख ठरली: शुभेच्छा द्या, अभिनंदन नको.
- मुलाखतीत मंजुरी सांगितली: मुलाखत चांगली गेल्याचं कौतुक करा. पासपोर्ट यायचा आहे हे लक्षात ठेवा.
- व्हिसा छापून हातात आला: आता मोकळेपणाने अभिनंदन करा.
- एच-१बीच्या लॉटरीत नाव लागलं: कंपनीला अर्ज करायची मुभा मिळाली, एवढाच त्याचा अर्थ. 'अमेरिकेला निघालास' असं लिहू नका.
- एच-१बीचा अर्ज मंजूर झाला: भारतात असलेल्या माणसाचं व्हिसाचं स्टॅम्पिंग अजून बाकी असतं.
- चिठ्ठी मिळाली, निर्णय लांबला: अभिनंदनही नको, सांत्वनही नको. 'काही लागलं तर सांग' एवढं पुरे.

लायसन्सचंही तसंच: शिकाऊ वेगळं, पक्कं वेगळं

लर्निंग लायसन्स म्हणजे शिकाऊ परवाना. त्यासाठी वाहतुकीच्या नियमांवरची संगणकीय परीक्षा असते, आणि महाराष्ट्रात २०२१ पासून आधारच्या आधारे ती घरबसल्याही देता येते. हा परवाना सहा महिने चालतो. तो मिळाल्यावर किमान तीस दिवस थांबून पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. त्या काळात गाडीला लाल रंगातलं 'एल' लावावं लागतं आणि शिकवणारा परवानाधारक सोबत लागतो. म्हणजे शिकाऊ परवाना मिळालेल्या मित्राला 'आता गाडी घेऊन ये, लोणावळ्याला जाऊ' असं लिहिणं म्हणजे कायदा मोडायचं निमंत्रण देणं आहे. इथे सरावासाठी शुभेच्छा द्याव्यात.

पक्क्या लायसन्सची गोष्ट निराळी. तिथे प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवावी लागते. दुचाकीवर पाय न टेकता आठचा आकडा काढायचा, चारचाकी सांगितलेल्या आकारात उलटी न्यायची, चढावर थांबून मागे न घसरता पुन्हा निघायचं. पुण्यातल्या भोसरीच्या आयडीटीआरसारख्या ट्रॅकवर तर ही चाचणी यंत्रांच्या नजरेखाली होते. तिथे ओळखीपाळखीला वाव नसतो, रेषेला चाक लागलं की लागलं. नापास झालं तर सात दिवसांनी पुन्हा यायचं. हे ठाऊक असलेला माणूस 'लायसन्सबद्दल अभिनंदन' एवढ्यावर थांबणार नाही. तो 'रिव्हर्सला गाडी अडली नाही ना!' असं काहीतरी लिहील, आणि ते चार विशेषणांपेक्षा जास्त लागू पडेल. आणखी एक ध्यानात असू द्या. चाचणी पास झाल्यावर कार्ड टपालाने घरी यायला वेळ लागतो, पण डिजिलॉकरमधलं लायसन्स पोलिसांना दाखवायला चालतं. 'कार्ड आलं नाही म्हणजे अजून झालं नाही' असं मैत्रीण म्हणाली, तर तुमच्या नोटमधली ही एक ओळ तिच्या उपयोगाची ठरेल.

नोट कशी बांधाल

चांगल्या नोटला चार वाक्यं पुरतात, आणि त्यांचा क्रम ठरलेला ठेवला तर लिहायला दोन मिनिटंही लागत नाहीत:

1. काय झालं ते नाव घेऊन सांगा. 'मोठं यश' नव्हे, तर 'एफ-१ मिळाला', 'चारचाकीचं पक्कं लायसन्स निघालं'.
2. त्यामागचं तुम्हाला ठाऊक असलेलं एक कष्टाचं काम सांगा. रात्री जागून शोधलेला स्लॉट, दुसऱ्या खेपेला दिलेली चाचणी, बँकेच्या कागदांसाठी मारलेले हेलपाटे.
3. पुढच्या नेमक्या पायरीसाठी शुभेच्छा द्या. तिकीट, घर शोधणं, पहिल्यांदा एकटीने हायवेला गाडी काढणं.
4. फार तर मदतीची किंवा उपयोगाची एक ओळ लिहा आणि थांबा. सल्ला, प्रश्न आणि मागणी यांतलं काहीही जोडू नका.

यातली दुसरी पायरी सगळ्यात मोलाची, आणि नेमकी तीच लोक गाळतात. कारण साधं आहे. पहिली ओळ कोणीही लिहू शकतो, तिसरीही. दुसरी ओळ फक्त त्यालाच लिहिता येते, जो गेले काही महिने मित्राची धावपळ पाहत होता. पंचवीस निरोपांमधून आपला निरोप वेगळा ओळखू यावा असं वाटत असेल, तर तो या ओळीमुळेच ओळखू येतो. मात्र कष्ट सांगताना अपयश मोठं करू नका. 'तीनदा नापास होऊन अखेर एकदाची पास झालीस' यात माहिती खरी असली तरी चटका आहे. तीच गोष्ट 'सोडून दिलं नाहीस, हे महत्त्वाचं' अशी लिहिता येते.

समजा, तुमची मैत्रीण एमएससाठी निघाली आहे. पहिली तारीख कॉलेज सुरू होण्याच्या फार जवळची मिळाली होती, म्हणून तिने रोज पहाटे संकेतस्थळ उघडून अलीकडचा स्लॉट मिळवला, आणि आज पासपोर्ट हातात आला. तिला पाठवायची नोट अशी होईल:

> अगं, व्हिसा हातात आला, मनापासून अभिनंदन! पहाटे उठून तो स्लॉट पकडलास, त्याचं चीज झालं. आता तिकीट आणि घर दोन्ही मनासारखं मिळू दे. सामान भरायला हाक मार, येते मी.

आता दुसरा प्रसंग. शेजारच्या वहिनींनी पंचेचाळिशीत गाडी शिकायला घेतली. पहिल्या चाचणीत उलटी नेताना चाक रेषेला लागलं, दुसऱ्या खेपेला त्या पास झाल्या. त्यांच्याशी मैत्री असली तरी 'अहो' सुटलेलं नाही. तिथे भाषा तशीच ठेवावी:

> वहिनी, चारचाकीचं पक्कं लायसन्स निघालं, खूप आनंद झाला! रिव्हर्सचा सराव तुम्ही रोज सकाळी मैदानावर करत होतात, ते आम्ही पाहिलंय. आता पहिली फेरी बिनधास्त काढा. कार्ड येईपर्यंत डिजिलॉकरमधलं लायसन्स चालतं बरं का.

दोन्ही नोटांमध्ये एकही अलंकारिक शब्द नाही. पण या नोटा दुसऱ्या कोणाला पाठवल्या तर लागू पडणार नाहीत, आणि हीच त्यांची परीक्षा आहे. मित्राचं नाव बदलूनही नोट जशीच्या तशी चालत असेल, तर ती त्याच्यासाठी लिहिलेलीच नाही असं समजा आणि दुसरी ओळ पुन्हा लिहा.

जे विनोद महागात पडतात

मित्रांमध्ये थट्टा चालतेच, ती वर्ज्य करा असं कोणी म्हणणार नाही. पण या दोन विषयांत काही ठरलेले विनोद आहेत, आणि त्यांचा हिशेब आधी मांडलेला बरा. लायसन्सच्या बाबतीत पहिला विनोद म्हणजे 'चहापाणी किती दिलंस?' आरटीओच्या नावावर हा विनोद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पण ज्याने महिनाभर सराव करून ट्रॅकवर आठ काढला, त्याच्या कष्टावर तो पाणी ओततो. दुसरा म्हणजे 'आता रस्त्यावरून चालताना जपायला हवं'. बाईला लायसन्स मिळालं की हा हमखास येतो, आणि त्यात काय दडलंय ते तिला बरोबर कळतं.

व्हिसाच्या बाबतीत मामला केवळ मन दुखावण्यापुरता राहत नाही. 'आता तिकडेच राहा, परत येऊ नकोस', 'पोचलास की एखादी नोकरी पकड' ही वाक्यं आपण प्रेमाने लिहितो. पण एफ-१ व्हिसा मागताना अर्जदाराने शिक्षण संपवून परतण्याचा इरादा दाखवायचा असतो, आणि तो न पटल्यास कायद्याच्या २१४(बी) कलमाखाली अर्ज फेटाळला जातो. विद्यार्थ्याला परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येत नाही, पर्यटक व्हिसावर तर नोकरी करताच येत नाही. जून २०२५ पासून अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं. शिवाय व्हिसा असला म्हणजे प्रवेश पक्का असं नसतं. शेवटचा निर्णय तिथल्या विमानतळावरचा अधिकारी घेतो, आणि त्याला प्रवाशाचा फोन तपासण्याचा अधिकार आहे. तुमच्या एका विनोदामुळे कोणाला परत पाठवतील, असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण उलटतपासणी चालू असताना त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागणार ते मित्राला, तुम्हाला नाही. एवढं कारण ते वाक्य गाळायला पुरेसं आहे.

मागण्यांचंही असंच. 'पेढे कधी?' हे चालून जातं. 'माझ्यासाठी फोन आण', 'आमच्या भाच्याला तिकडे सांभाळशील ना' हे पहिल्याच निरोपात नको. ज्याने नुकतीच फी आणि ठेवींची जुळवाजुळव केली, त्याला अभिनंदनासोबत नवं काम देऊ नये.

फोटो, ग्रुप आणि मित्राचे हक्क

आनंदाच्या भरात लोक व्हिसाचा किंवा लायसन्सचा फोटो पाठवतात, आणि आपण तो पुढे सरकवतो. इथे थांबा. व्हिसाच्या स्टिकरवर नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक असतो, आणि खाली यंत्राने वाचायच्या दोन ओळींत तोच मजकूर पुन्हा असतो. नावावर पट्टी ओढली तरी त्या दोन ओळी उघड्या राहिल्या तर झाकण्याचा उपयोग शून्य. लायसन्सवर जन्मतारीख, पत्ता आणि सही असते. तोतयाला आणखी काय हवं? म्हणून हे पाळा:

- फोटो मागू नका. आलाच तर पुढे पाठवू नका.
- मित्राने स्वतः सांगितल्याशिवाय ग्रुपवर जाहीर अभिनंदन करू नका. कदाचित नोकरीच्या ठिकाणी त्याने अजून सांगितलेलं नसेल, किंवा त्याच ग्रुपमध्ये गेल्याच आठवड्यात व्हिसा नाकारला गेलेलं कोणी असेल.
- निघण्याची तारीख आणि घर बंद राहणार असल्याचा उल्लेख जाहीर निरोपात नको.
- मित्राला वाटलं तर बातमी लपवण्याचाही हक्क आहे. 'आम्हाला सांगितलं नाहीस!' ही तक्रार नोटमध्ये नको.

एक गोष्ट मात्र खासगीत आवर्जून सांगण्याजोगी आहे. व्हिसा हातात आला की नाव, पासपोर्ट क्रमांक, मुदत आणि किती वेळा प्रवेश करता येईल, हे लगेच तपासून पाहावं लागतं. चूक असेल तर निघण्याआधीच दुरुस्त करून घ्यायला हवी. 'स्टिकरवरचं नाव-नंबर एकदा पासपोर्टशी ताडून बघ' ही ओळ उपयोगाची असली तरी सल्ल्याची आहे, म्हणून ती अभिनंदनाच्या नोटमध्ये नाही, दुसऱ्या दिवशीच्या फोनवर सांगा.

काही आक्षेप

कोणी म्हणेल, दोन ओळींसाठी एवढा काथ्याकूट कशाला, मित्राला भावना कळते. भावना कळते हे खरं. पण ज्याला चिठ्ठी मिळून निर्णय लांबलाय, त्याला अभिनंदनाचे दहा निरोप आले तर त्या दहाही जणांची भावना चांगलीच असते, आणि तरी त्याला दहा वेळा खुलासा करावा लागतो. नुसत्या सद्भावनेने हे टळत नाही, एक प्रश्न विचारल्याने टळतं. 'हातात आला की मुलाखत झाली?' एवढं विचारून मग लिहा.

दुसरा आक्षेप असा, की इतकं मोजूनमापून लिहिलं तर उत्स्फूर्तपणा जाईल. उलट अनुभव येईल. उत्स्फूर्त म्हणून आपण जे लिहितो ते बहुतेक वेळा ऐकलेलंच असतं, आणि नेमकी गोष्ट आठवून लिहिलेली ओळ आपली असते. तिसरा आक्षेप वेळेचा: आधी चौकशी करत बसलं तर उशीर होतो. उशिराची भीती बाळगू नका. व्हिसाच्या दिवशी मित्राचा फोन वाजतच असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आलेली नेमकी नोट निवांत वाचली जाते. आठवडा मात्र उलटू देऊ नका. तोवर तो सामानाच्या वजनात गुंतलेला असतो.

उरतो प्रश्न भाषेचा. 'काँग्रॅट्स' लिहिलं म्हणून काही बिघडत नाही, आणि शुद्ध मराठीचा अट्टहासही नको. 'व्हिसा', 'स्लॉट', 'लायसन्स', 'रिव्हर्स' हे शब्द तुम्ही बोलता तसेच लिहा. 'वाहन चालवण्याचा अनुज्ञप्ती-लाभ' असं कोणी मित्राला लिहीत नाही, तुम्हीही लिहू नका. तुम्ही त्याच्याशी ज्या भाषेत फोनवर बोलता, तीच नोटची भाषा. पाठवण्याआधी ती एकदा मोठ्याने वाचा, आणि जे वाक्य तुम्ही त्याच्या तोंडावर बोलला नसता, ते काढून टाका.